ऐंशी वर्षांचं चक्र दाखवणाऱ्या सल्लागारांना खुलं पत्र

गुंतवणुकीवर मराठीतून व्याख्यानं देणाऱ्या सर्व सल्लागार मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

काही महिन्यांपूर्वी आमच्या गावातल्या एका मंगल कार्यालयात तुमच्यापैकी एकांचं व्याख्यान झालं. प्रवेश मोफत होता, पोहे चांगले होते, आणि मी मागून तिसऱ्या रांगेत बसले होते. पडद्यावर चारच आकडे आले: 1783, 1865, 1945, 2025. अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध संपलं, यादवी युद्ध संपलं, दुसरं महायुद्ध संपलं. मधली अंतरं 82, 80 आणि 80. वक्त्यांनी क्षणभर थांबून विचारलं, "मग आता कशाची पाळी आहे?" सभागृहातली चुळबुळ थांबली. पुढच्या स्लाइडवर 1761, 1857 आणि 1947 होते. पानिपत, बंड, स्वातंत्र्य. घरी परतताना आमच्या शेजारच्या काकांनी रिक्षातच ठरवलं की दोन एफडी मोडायच्या आणि सोनं घ्यायचं. आठवड्याभरात त्यांनी तसं केलंही, मुदतीआधी मोडल्याचा दंड भरून.

सोनं घ्यावं की नाही हा माझा प्रांत नाही. मी एकतीस वर्षं महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवलं, म्हणून फक्त त्या पडद्यावरच्या आकड्यांबद्दल लिहिते आहे. आकडे खरे होते. पण ते कुठून निवडून आणले आणि निवडताना काय मागे ठेवलं, हे तुम्ही सांगितलं नाही. कदाचित तुम्हालाही कुणी सांगितलं नसेल.

ही कल्पना विल्यम स्ट्रॉस आणि नील हाव या दोन अमेरिकनांची. 1991 मध्ये त्यांनी अमेरिकेचा इतिहास पिढ्यांच्या साखळीत मांडला आणि 1997 च्या 'द फोर्थ टर्निंग' या पुस्तकात त्याचं पूर्ण चक्र केलं. माणसाच्या दीर्घ आयुष्याएवढं, साधारण ऐंशी ते नव्वद वर्षांचं एक आवर्तन. त्यात वीस-वीस वर्षांची चार वळणं: उभारी, जागृती, विस्कट आणि संकट. प्रत्येक वळणात वाढणारी पिढी विशिष्ट स्वभावाची निघते. त्यांना लेखकांनी द्रष्टे, भटके, वीर आणि कलावंत अशा अर्थाची नावं दिली. संकटाची झळ सोसलेले लोक मेले की त्याची आठवण जाते, आणि ज्यांना ती नाही अशांच्या हाती कारभार आला की नवं संकट उभं राहतं, असा एकूण युक्तिवाद. ऐकायला पटतो, कारण आजोबांनी कमावलं आणि नातवाने उडवलं हे प्रत्येक गावात एखाद्या वाड्याबद्दल सांगितलं जातंच.

लेखकांना श्रेय द्यायचं तर एवढं नक्की द्यावं की 'मिलेनियल' हा शब्द रूढ झाला तो मुख्यतः त्यांच्यामुळे. शिवाय त्या पिढीच्या पोरांमध्ये गुन्हेगारी कमी असेल असं त्यांनी म्हटलं होतं, आणि अमेरिकेत नव्वदच्या दशकाच्या मध्यानंतर किशोरवयीनांची हिंसा खरोखरच घटली. ते भोंदू नव्हते. त्यांनी पुष्कळ वाचलं होतं, आणि कदाचित तिथेच गोची आहे. पुष्कळ वाचलेल्या माणसाला हवी ती घटना हवी तिथे सापडते.

तुमच्या पहिल्या स्लाइडकडे येते. लेखकांची स्वतःची यादी 1783 पासून सुरू होत नाही. ती इंग्लंडमध्ये पंधराव्या शतकात सुरू होते. प्रत्येक संकटाचा कळस त्यांनी असा धरला आहे: 1485 ची बॉसवर्थची लढाई, 1588 मधला स्पॅनिश आरमाराचा पराभव, 1689 ची 'वैभवशाली क्रांती', 1781 मधली यॉर्कटाउनची शरणागती, 1863 ची गेटिसबर्गची लढाई, 1944 मधलं नॉर्मंडीवरचं उतरणं. वजाबाकी करून पाहा. 103, 101, 92, 82, 81. तुम्ही दाखवलेली ऐंशी-ऐंशीची जोडी ही या यादीची शेपटी आहे. पहिल्या दोन अंतरांत शंभरी ओलांडली आहे. ज्या घड्याळाचा ठोका 103 वर पडतो आणि नंतर 81 वर, ते घड्याळ दुरुस्तीला टाकावं लागेल. चक्र हळूहळू आखूड होत गेलं असं लेखकांचं म्हणणं आहे. पण मग नियम ऐंशी वर्षांचा राहिला कुठे? आणि आखूड होण्याचा वेग आपण पाच अंतरांवरून ठरवायचा?

आता 1588 आणि 1689 यांच्या मधे काय आहे ते बघा, कारण इतिहासकारांचा आक्षेप इथेच नेमका दिसतो. 1642 मध्ये इंग्लंडात राजा आणि पार्लमेंट यांच्यात युद्ध पेटलं. ते जवळजवळ दहा वर्षं चाललं. लोकसंख्येच्या प्रमाणात पाहिलं तर या युद्धांनी पहिल्या महायुद्धापेक्षा जास्त ब्रिटिश माणसं गिळली असा इतिहासकारांचा अंदाज आहे. 30 जानेवारी 1649 रोजी लंडनमध्ये, भर रस्त्यात उभारलेल्या मचाणावर, खुद्द राजा पहिल्या चार्ल्सचं मुंडकं उडवलं गेलं. राजेशाही रद्द झाली, देश प्रजासत्ताक झाला. कुठल्याही शहाण्या माणसाला विचारा, इंग्लंडच्या इतिहासातलं संकट कोणतं, तर तो हेच सांगेल. लेखकांच्या तक्त्यात मात्र 1621 ते 1649 हा काळ 'जागृती' या खान्यात बसवला आहे. संकट आहे ते 1689, जेव्हा एक राजा पळून गेला आणि त्याची मुलगी व जावई गादीवर बसले, आणि निदान इंग्लंडच्या भूमीवर फारसं रक्त सांडलं नाही. असं का? कारण 1642 ला संकट म्हटलं तर 1588 पासूनचं अंतर 54 वर्षं येतं आणि पुढच्या अमेरिकन क्रांतीपर्यंतचं 130 च्या पुढे जातं. माळ तुटते. माळ टिकवायची म्हणून मणी बदलला.

हा एकच मणी असता तर मी पत्र लिहिलं नसतं. अमेरिकेच्या यादवी युद्धापाशी तर सिद्धांताचा सांगाडाच मोडतो. लेखकांची बाकीची संकटं वीस-पंचवीस वर्षांची आहेत, पण 1860 ते 1865 हे पाचच वर्षांचं. आणि चारच्या जागी पिढ्या निघतात तीन. 1792 ते 1821 मध्ये जन्मलेले द्रष्टे, 1822 ते 1842 चे भटके, आणि त्यानंतर थेट 1843 ते 1859 चे कलावंत. वीर गायब. म्हणजे अमेरिकेच्या भूमीवरच्या सगळ्यात भीषण युद्धात, ज्यात सहा लाखांहून अधिक सैनिक मेले, सिद्धांताला लागणारी वीरांची पिढीच नाही. लेखकांचं स्पष्टीकरण असं की संकट फार लवकर आणि फार क्रूरपणे आलं, त्यामुळे ती पिढी घडलीच नाही. माझ्या वर्गातल्या एखाद्या मुलाने प्रयोगवहीत असं लिहिलं असतं की उत्तर चुकलं कारण प्रयोग लवकर संपला, तर मी त्याला प्रयोग पुन्हा करायला लावला असता. इतिहासात ती सोय नाही, हे मान्य. पण सहा आवर्तनांपैकी एक नियमात बसत नसेल, तर ती किरकोळ घट नाही. शंभर आंब्यांतला एक नासका आणि सहांतला एक नासका यात फरक आहे.

मग इतर घटना जुळतात त्याचं काय, असं तुम्ही विचाराल. हा संख्याशास्त्राचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर साध्या हिशेबाने देता येतं.

समजा इतिहासात कसलंही चक्र नाही. मोठ्या उलथापालथी मनाला येईल तेव्हा होतात, सरासरी वीस वर्षांतून एक. एका घटनेपासून सुरुवात करून आपण पुढची घटना 80 ते 105 वर्षांच्या अंतरावर शोधतो, कारण लेखकांनी स्वतः एवढीच मोकळीक घेतली आहे. ही पंचवीस वर्षांची खिडकी. त्या खिडकीत निदान एक तरी घटना पडण्याची शक्यता येते 71 टक्के. अशी खिडकी ओळीने पाच वेळा भरलेली सापडण्याची शक्यता 0.71 चा पाचवा घात, म्हणजे साधारण 18 टक्के. पाचांत एक म्हणा. निव्वळ योगायोगाला हे प्रमाण कमी नाही. आता वीसऐवजी दहा वर्षांतून एक घटना धरा. इंग्लंड आणि अमेरिका या दोन देशांतल्या लढाया, क्रांत्या, मंद्या, साथी आणि राजहत्या मिळून तेवढ्या घटना सहज निघतात. मग एक खिडकी भरण्याची शक्यता 92 टक्के होते आणि पाचही भरण्याची 65 टक्के. यात अजून मी तुम्हाला सुरुवातीची घटना बदलायची मुभा दिलेली नाही. एकाच खिडकीत तीन-चार घटना असतील तर त्यातली पुढे नीट जुळेल ती उचलायची मुभाही दिलेली नाही. त्या दोन्ही दिल्या तर साखळी न सापडणं हीच आश्चर्याची गोष्ट ठरेल. आधी भिंतीवर दगड मारायचा आणि तो लागला तिथे खडूने गोल काढायचा, असा हा नेम आहे.

दुसरी एक गंमत मी नातीबरोबर घरीच करून पाहिली, तुम्हीही करा. ल्युडोचा फासा ऐंशी वेळा टाकला आणि दान वहीत लिहिलं. मग पहिल्या दहा दानांची बेरीज, मग दुसऱ्या ते अकराव्याची, मग तिसऱ्या ते बाराव्याची, असं करत गेलो आणि बेरजा आलेख कागदावर मांडल्या. नातीने टिंबं जोडली आणि म्हणाली, "आजी, डोंगर आले!" आले खरे. चढ, उतार, पुन्हा चढ, जणू फाशाला ऋतू आहेत. कारण साधं आहे. शेजारच्या दोन बेरजांमध्ये दहापैकी नऊ दानं तीच असतात, त्यामुळे आलेख उडी मारू शकत नाही, तो सावकाश चढतो आणि सावकाश उतरतो.

ही युक्ती माझी नाही. 1927 मध्ये येवगेनी स्लुत्स्की नावाच्या अर्थतज्ज्ञाने मॉस्कोत सरकारी लॉटरी-कर्जाच्या सोडतीतले शेवटचे अंक घेतले, दहा-दहाच्या बेरजा केल्या, आणि निघालेली रेघ इंग्लंडमधल्या 1855 ते 1877 च्या व्यापारी तेजी-मंदीच्या आलेखाशेजारी ठेवली. दोन्ही जुळ्या बहिणींसारख्या दिसत होत्या. लॉटरीला व्यापार कळत नाही. वीस-वीस वर्षांचा काळ एकत्र करून त्याचा एक 'मूड' काढला की आपणही तेच करत असतो. बेरजेनेच लाट तयार होते आणि आपण ती समुद्राची समजतो. म्हणून संख्याशास्त्रज्ञ नुसती लाट पाहून गप्प बसत नाहीत. ते विचारतात की अशी लाट निव्वळ सोडतीतून किती वेळा निघेल. सहा आवर्तनांच्या सामग्रीवर या प्रश्नाला ठाम उत्तर देता येत नाही, कारण सहा टिंबांतून जवळपास कोणतीही रेघ नेता येते.

आता पिढी या शब्दाकडे. पोरं रोज जन्मतात. 31 डिसेंबर 1996 ला जन्मलेली मुलगी मिलेनियल आणि दुसऱ्या दिवशी त्याच दवाखान्यात जन्मलेला मुलगा जेन-झी, ही रेघ निसर्गाने ओढलेली नाही, ती अमेरिकेतल्या प्यू संशोधन केंद्राने सोयीसाठी ओढली होती. स्ट्रॉस-हाव यांची रेघ तिच्यापेक्षा काही वर्षं पुढे आहे. 2021 मध्ये फिलिप कोहेन या समाजशास्त्रज्ञाने प्यूला असंच एक खुलं पत्र लिहिलं, त्यावर दीडशेहून जास्त लोकसंख्या-अभ्यासकांनी आणि समाजशास्त्रज्ञांनी सह्या केल्या, आणि 2023 मध्ये प्यूने ही नावं यापुढे जपून वापरू असं जाहीर केलं. नावावर भांडण्याचं कारण असं. 2008 मध्ये पंचवीस वर्षांच्या मुलाला विचारलं आणि तो म्हणाला, बँकांवर माझा विश्वास नाही. हे तो पंचविशीत आहे म्हणून, की साल 2008 आहे म्हणून, की तो 1983 चा आहे म्हणून? जन्मसाल म्हणजे चालू सालातून वय वजा केलं की येणारा आकडा. दोन कळले की तिसरा आपोआप ठरतो. त्यामुळे या तिघांचा परिणाम केवळ आकडेवारीतून वेगळा काढता येत नाही, बाहेरून काहीतरी गृहीत धरावंच लागतं. इथे लेखकांनी जे गृहीत धरलं तेच निष्कर्ष म्हणून बाहेर आलं आहे.

तुमच्या दुसऱ्या स्लाइडबद्दल फार लिहीत नाही, कारण लेखकांचा तक्ता इंग्लंड-अमेरिकेच्या इतिहासावर बेतलेला आहे आणि पानिपत त्यात तुम्ही घातलंत. पण 1761 आणि 1857 च्या मधे 1818 येतं. पुण्यातलं राज्य गेलं ते तेव्हा. ते स्लाइडवर का नव्हतं? 1918 का नव्हतं, ज्या वर्षी इन्फ्लुएंझाच्या तापाने हिंदुस्थानात कोटीहून जास्त माणसं गेली? अमेरिकन तक्त्यातही 1918 हे संकटाच्या खान्यात नाही. आणि 1947 तरी कोणाचं? माझ्या आईचं माहेर मराठवाड्यातलं. 15 ऑगस्टला तिच्या गावात झेंडा लागला नाही, निजामाचं राज्य जायला 17 सप्टेंबर 1948 उजाडावा लागला. गोव्यातल्या माणसाला तर 19 डिसेंबर 1961 पर्यंत थांबावं लागलं. एका देशातल्या एका पिढीला एकच वळण लागलं असं म्हणताना आपण कोणाचं वळण मोजतो, हा प्रश्न अमेरिकेतही तसाच आहे. 1865 ला गुलामगिरी कायद्याने संपली. दक्षिणेतल्या काळ्या माणसाच्या घरात त्यानंतर 'उभारी' आली असं त्याच्या नातवाला सांगून पाहा.

शेवटचं भाकितांचं. 1997 च्या पुस्तकात लेखकांनी लिहिलं होतं की संकटाची ठिणगी 2005 च्या सुमाराला पडेल, कळस 2020 च्या सुमाराला होईल आणि निकाल 2026 च्या आसपास लागेल. 2020 ला साथ आली तेव्हा तुमच्यापैकी अनेकांनी "बघा, सांगितलं होतं" म्हटलं. लेखकांनी पुस्तकात काही शक्यतांची उदाहरणं दिली होती आणि त्यात नवा विषाणू होता, हे खरं. त्याच यादीत अतिरेकी हल्ला, अंदाजपत्रकावरून कोंडी आणि रशियाच्या लष्करी हालचालीही होत्या. एवढ्या जाळ्यांत एकही मासा न सापडता तरच नवल. साथ आली तेव्हा स्ट्रॉस हयात नव्हते, ते 2007 मध्ये गेले. हाव यांनी 2023 मध्ये नवं पुस्तक काढलं. त्यात संकटाची सुरुवात 2008 झाली आणि शेवट 2033 च्या सुमाराला गेला.

लेखकांनी या चक्राला 'सेक्युलम' हा जुना रोमन शब्द दिला आहे, तेव्हा रोमचाच एक किस्सा सांगते. माणसाच्या दीर्घतम आयुष्याएवढा काळ म्हणजे सेक्युलम, आणि तो पुरा झाला की मोठा उत्सव. ऑगस्टस सम्राटाने तो इसवी सनापूर्वी 17 मध्ये केला, 110 वर्षांचा हिशेब लावून. पुढे क्लॉडियस गादीवर आला. त्याने वेगळा हिशेब मांडला आणि इसवी सन 47 मध्ये पुन्हा उत्सव केला. दवंडीवाला जुन्याच शब्दांत ओरडत फिरला की या, पूर्वी कुणी पाहिला नाही आणि पुन्हा कुणी पाहणार नाही असा खेळ पाहायला या. लोक हसले, असं रोमन चरित्रकार सुएटोनियसने नोंदवलं आहे, कारण आधीचा उत्सव पाहिलेली माणसं अजून जिवंत होती, आणि त्यात काम केलेले काही नट याही खेपेला रंगमंचावर होते.

माझी मागणी मोठी नाही. पुढच्या व्याख्यानात त्या स्लाइडवर 1485, 1588, 1642 आणि 1689 ही सालंही टाका, आणि अंतरं श्रोत्यांनाच काढू द्या. शिवाय एका कागदावर तारीख घालून लिहा की 2033 पर्यंत नेमकं काय घडलं नाही तर हा सिद्धांत चुकला असं तुम्ही म्हणाल. 'मोठा बदल' असं नको, तो कोणत्याही आठ वर्षांत होतोच. घटना लिहा, तिचा आकार लिहा, खाली सही करा आणि पाकीट बंद करून माझ्याकडे पाठवा. मी ते कपाटात ठेवीन. 2033 मध्ये मी 76 वर्षांची असेन, म्हणजे तुमच्या एका चक्राला चार वर्षं कमी. शेजारच्या काकांसमोरच उघडू.

आपली,
एक निवृत्त संख्याशास्त्र शिक्षिका